बचत गटाची वही

बेलापूरच्या सिडको भवनावरून तुम्ही-आम्ही नेहमी जातो. ग्रामीण महिलांच्या गटांचं काम पाहणाऱ्या राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाचं मुख्य कार्यालय तिथेच आहे. पण आज मी योजनांबद्दल बोलणार नाही. मला बोलायचं आहे गटाच्या वहीबद्दल, कारण या चळवळीचा इतिहास त्या वहीत आहे.

आपल्याकडे बायकांची भिशी जुनीच. दहा जणी दरमहा ठरावीक रक्कम काढतात, चिठ्ठी निघते तिला सगळी रक्कम मिळते आणि फेरी पूर्ण झाली की पेटी रिकामी होते. बचत गटात पेटी रिकामी होत नाही. पैसा साठतो, त्यातूनच कर्ज दिलं जातं आणि त्याचं व्याज पुन्हा पेटीत पडतं. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला सुधाताई कोठारी यांच्या ‘चैतन्य’ संस्थेने असे गट बांधले, तेव्हा शिकवण्याची मुख्य गोष्ट हीच होती.

मोठं वळण आलं १९९२ साली. नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नोंदणी नसलेल्या गटालाही बचत खातं उघडण्याची मुभा दिली. म्हणजे बघा, सातबारा नाही, तारण नाही, नोंदणीचा दाखलाही नाही. मग बँकेने विश्वास कशावर ठेवायचा? तर नियमित बैठक, नियमित बचत, आपसात दिलेलं कर्ज, त्याची परतफेड आणि या सगळ्याच्या नोंदी यांवर. तारणाची जागा वहीने घेतली. असा बदल मी महत्त्वाचा मानतो.

आता ती वही वाचू. समजा दहा जणी आहेत आणि प्रत्येकी महिना १०० रुपये बचत आहे. सहाव्या बैठकीत ६,००० रुपये जमले. एकीला मुलाच्या शिक्षणासाठी ५,००० हवेत. महिना शेकडा दोन रुपये व्याज ठरलं आणि मुद्दल दरमहा एक हजाराने फेडायचं ठरलं. पहिल्या महिन्याचं व्याज १००, मग मुद्दल उतरत जाईल तसं ८०, ६०, ४०, २०. एकूण ३०० रुपये. सावकाराकडे शेकडा पाचाने हेच कर्ज घेतलं आणि मुद्दल एकरकमी द्यायचं असेल, तर पाच महिन्यांत १,२५० व्याज जातं आणि ५,००० डोक्यावर तसेच राहतात. शिवाय इथले ३०० रुपये दहाही जणींचे, म्हणजे त्यातले ३० तिचे स्वतःचेच!

अकराव्या बैठकीला हिशेब सोपा आहे. बचत ११,००० आणि व्याज ३०० मिळून ११,३००. त्याच दिवशी दुसऱ्या एकीला ८,००० कर्ज दिलं, आणि दुसरं कुठलं कर्ज वा खर्च नसेल, तर पेटीत आणि बँकेत मिळून ३,३०० दिसलेच पाहिजेत. ते कमी असतील तर त्याच बैठकीत विचारायचं. प्रत्येकीचं पासबुक गटाच्या वहीशी ताडून पाहायचं, कारण लिहिणारी एकच असते आणि बाकीच्यांना पुष्कळदा वाचता येत नाही.

पण एक दोष या बेरजेत सापडत नाही. त्याला मी ‘जुनं-नवं’ म्हणतो. कर्जदार बाईला पैसे फेडता आले नाहीत. मग वहीत लिहायचं, ५,००० परत आले, आणि त्याच तारखेला तिलाच ५,००० नवं कर्ज दिलं. पैसा जागचा हलला नाही, तरी बेरीज बरोबर! हे ओळखायचं कसं? एकच नाव, एकच तारीख, एकच रक्कम, जमेलाही आणि नावेही. याला लबाडी म्हणण्याची मी घाई करणार नाही. बहुधा शेजारणीची लाज राखण्यासाठी हे होतं. पण मग बाईची अडचण गटाला कळतच नाही, आणि बँक खोट्या वहीवर मोठं कर्ज देते. त्यापेक्षा ‘पीक गेलं, तीन महिने मुदत वाढवली’ असा उघड ठराव लिहावा. त्यात लाज कसली?

सूक्ष्म वित्त कंपन्यांचंही गावात महिलांच्या गटांनाच कर्ज मिळतं, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतं. पण तिथे पैसा कंपनीचा असतो, व्याज गावाबाहेर जातं, आणि बायका एकमेकींना जामीन असतात. हप्ता चुकला तर मुदत वाढवण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसतो. बचत गटात तो असतो. म्हणून गट खरा आहे का, हे पाहायचं असेल तर किती कर्ज मिळालं हे नंतर विचारा. आधी विचारा, वही कुणाकडे आहे आणि ती बैठकीत मोठ्याने वाचली जाते का.