गेममध्ये सगळे एकच शस्त्र का वापरतात? वेग, पल्ला आणि डॅमेजचं गणित समजून घ्या

रोल-प्लेइंग गेममध्ये दुकानात वीस शस्त्रं असतात, पण काही दिवसांत बहुतेक खेळाडूंच्या हातात एकच दिसू लागतं. बाकीची एकोणीस नुसती शोभेची. असं का होतं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. त्यात नायिकेला त्रिशूळ, धनुष्य अशी शस्त्रं कथेच्या ओघात मिळत जातात. तो अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर प्रकारातला गेम आहे. रोल-प्लेइंग गेममध्ये मात्र शस्त्र खेळाडू स्वतः निवडतो, त्यामुळे प्रत्येक शस्त्र निवडण्याजोगं ठेवावं लागतं.

सरासरी सारखी ठेवली की झालं?

समजा आपण मराठेशाहीवर गेम बनवतोय. कट्यार दर अर्ध्या सेकंदाला ६ डॅमेज करते, तलवार दर सेकंदाला १२ आणि गदा दर दोन सेकंदांना २४. तिन्हींचा दर सेकंदाचा डॅमेज, म्हणजे गेमर्सच्या भाषेत डीपीएस, १२ आहे. १२० हेल्थचा शत्रू तिन्हींनी १० सेकंदांत पडतो. कागदावर हिशोब चोख बसला.

आता त्या शत्रूला चिलखत घाला. हे चिलखत प्रत्येक वारातून ४ डॅमेज वजा करतं. मग असं होतं:

- कट्यार: वारामागे २ डॅमेज, ६० वार, ३० सेकंद
- तलवार: वारामागे ८ डॅमेज, १५ वार, १५ सेकंद
- गदा: वारामागे २० डॅमेज, ६ वार, १२ सेकंद

चिलखत प्रत्येक वाराला वेगळी वजाबाकी करतं. ज्याचे वार जास्त, त्याचं नुकसान जास्त. म्हणून कट्यारवाला तिप्पट वेळ अडकतो.

लेव्हल वाढल्यावर काय होतं?

इथे नेमकं उलटं होतं. समजा दहाव्या लेव्हलला प्रत्येक शस्त्राला सरसकट ६ डॅमेजची वाढ दिली. कट्यार ६ वरून १२ वर गेली, म्हणजे दुप्पट झाली. गदा २४ वरून फक्त ३० वर आली. आता कट्यारीचा डीपीएस २४, तलवारीचा १८ आणि गदेचा १५. सुरुवातीला कट्यार घेणारा फसतो आणि नंतर गदा घेणारा. तेही त्याने साहित्य आणि पैसा ओतून ती गदा वाढवल्यानंतर!

उपाय सोपा आहे: वाढ टक्क्यांत द्यायची. ५० टक्के वाढीने तिन्हींचा डीपीएस १८ होतो. चिलखताला मात्र सरसकट टक्क्यांत नेलं, तर सगळी शस्त्रं सगळीकडे सारखीच वाटतील. त्यामुळे वजाबाकीचं चिलखत मोजक्याच शत्रूंना द्यावं आणि वाराचा निदान अर्धा डॅमेज लागेलच, असा नियम ठेवावा. मग वरच्या लढाईत कट्यारीला ३० ऐवजी २० सेकंद लागतात. ती मागे राहते, पण निरुपयोगी होत नाही. उलट दर दीड सेकंदाला वार करणाऱ्या चपळ शत्रूसमोर दोन सेकंदांची गदा अर्ध्यातच अडते. तिथे कट्यारीची पाळी येते.

पल्ल्याची किंमत किती?

भाल्याचा पल्ला ३ मीटर आणि शत्रूच्या तलवारीचा १ मीटर धरू. शत्रू सेकंदाला २ मीटर धावत असेल, तर मधलं अंतर कापायला त्याला एक सेकंद लागतो. तेवढ्यात भालावाल्याला एक वार फुकट मिळतो. भाल्याचा डॅमेज १२ ऐवजी १० ठेवला, तर फुकटच्या वाराची किंमत वसूल होते.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हाच सौदा दिसतो. दोन्ही हातांनी पेलायच्या ग्रेटस्वोर्डला दोन सहा-पैलू फासे मिळतात, सरासरी ७. ग्लेव्ह या लांब दांड्याच्या शस्त्राला एक दहा-पैलू फासा, सरासरी ५.५. पण त्याचा पल्ला ५ ऐवजी १० फूट आहे. जास्तीच्या पाच फुटांची किंमत दीड डॅमेज!

धोका पुढे आहे. भाल्याच्या प्रत्येक वाराने शत्रू २ मीटर मागे ढकलला जाऊ लागला, तर तो कधीच जवळ पोहोचणार नाही. डॅमेज कितीही कमी केला तरी भालावाला हरणार नाही. अशा वेळी आकडे बदलून उपयोग नसतो, तो धक्काच कमी करावा लागतो.

बिघाड ओळखायचा कसा?

एक तक्ता करा. आडव्या ओळींत शस्त्रं, उभ्या रकान्यांत शत्रू: साधा, चिलखतवाला, चपळ आणि घोळका. प्रत्येक चौकटीत शत्रू पाडायला लागणारे सेकंद लिहा. हाच तक्ता पहिल्या, दहाव्या आणि विसाव्या लेव्हलला पुन्हा करा. एखादं शस्त्र सगळ्या रकान्यांत पहिलं आलं, तर बाकीची मेली. एखादं सगळीकडे शेवटचं आलं, तर ते कुणी घेणार नाही.

तक्त्यात एक गोष्ट मात्र येत नाही: चुकलेला वार. कट्यारीचा वार हुकला तर अर्धा सेकंद जातो, गदेचा हुकला तर दोन. नवख्या खेळाडूचे वार जास्त हुकतात, म्हणून कागदावर बरोबरीची असलेली गदा त्याच्या हातात कमजोर ठरते. ते कळायला शेवटी त्याला खेळतानाच पाहावं लागतं.