एका कॉन्जुगेटची गोष्ट: नॉर्मल मॅट्रिक्सची कसोटी कुठून आली?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझे दोन दिवस एका ओळीत गेले. प्रकाश शोषून घेणाऱ्या माध्यमाचं एक छोटं मॉडेल होतं आणि त्यातून कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स येत होत्या. मॅट्रिक्स नॉर्मल आहे का, हे तपासायला मी `A @ A.T` आणि `A.T @ A` यांची तुलना केली. दोन्ही तंतोतंत सारखे आले. म्हटलं, झालं, आता आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब मिळणार. पण प्रत्यक्षात दोन आयगेनव्हेक्टर जवळजवळ एकाच दिशेला निघाले. चूक एवढीच होती की NumPy मधलं `.T` फक्त ट्रान्सपोज करतं, कॉन्जुगेट घेत नाही. माझ्या मॅट्रिक्स सिमेट्रिक होत्या, म्हणजे A आणि A.T एकच. मी A ची तुलना A शीच करत होतो!

ही चूक सुधारल्यावर प्रश्न पडला: तो कॉन्जुगेट तिथे आला कुठून? उत्तर शोधायला जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास बघावा लागतो.

सुरुवात 1829 मध्ये, कोशीपासून. ग्रहांच्या कक्षा फार हळूहळू बदलतात. त्या बदलांचं गणित करताना जे समीकरण येतं, त्याची सगळी मुळं रिअल असतात का, हा त्याचा प्रश्न होता. आजच्या भाषेत त्याने दाखवलं की रिअल सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू रिअल असतात. इथे सगळ्या संख्या रिअल होत्या, त्यामुळे कॉन्जुगेटचा प्रश्नच आला नाही.

मग साहजिक वाटतं की कॉम्प्लेक्स सिमेट्रिक मॅट्रिक्सलाही हेच लागू व्हावं. नाही होत. हे उदाहरण स्वतः करून बघा:

S = [[1, i], [i, −1]]

S सिमेट्रिक आहे. पण S चा वर्ग काढला तर शून्य मॅट्रिक्स येते, म्हणजे दोन्ही आयगेनव्हॅल्यू शून्य. S डायगोनल करता आली असती तर ती स्वतःच शून्य असायला हवी होती. ती नाही, म्हणून S डायगोनल होतच नाही. माझ्या मॉडेलमधल्या मॅट्रिक्स याच कुळातल्या होत्या.

1855 मध्ये एर्मितने योग्य वाट दाखवली. कॉम्प्लेक्स संख्यांमध्ये ट्रान्सपोजसोबत कॉन्जुगेटही घ्यायचा. A* म्हणजे कॉन्जुगेट ट्रान्सपोज. A = A* असेल तर कोशीचा निष्कर्ष पुन्हा खरा ठरतो, आयगेनव्हॅल्यू रिअल येतात. याच मॅट्रिक्सना आपण एर्मितच्या नावाने हर्मिशियन म्हणतो. कारण साधं आहे: कॉम्प्लेक्स व्हेक्टरची लांबी मोजताना आपण |x|² घेतो, x² नाही. S चा व्हेक्टर (1, i) बघा. कॉन्जुगेट न घेता वर्गांची बेरीज केली तर 1 − 1 = 0 येते! लांबीच हरवली, तर लंब कशाला म्हणायचं?

पण हर्मिशियन हे एकच कुटुंब झालं. युनिटरी आणि स्क्यू-हर्मिशियन मॅट्रिक्सही युनिटरी U वापरून डायगोनल होतात. या सगळ्यांत समान काय? इथे 1909 मधला इस्साय शूरचा लेख महत्त्वाचा. त्या काळात हिल्बर्टमुळे इंटिग्रल समीकरणांवर जोरात काम चालू होतं आणि शूरचा लेखही त्याच्याशी जोडलेला होता. त्याने दाखवलं की कोणतीही चौकोनी कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स A घेतली तरी A = U T U* असं लिहिता येतं. यात U युनिटरी आणि T अप्पर ट्रँग्युलर, म्हणजे कर्णाखाली सगळे शून्य. T च्या कर्णावर A च्या आयगेनव्हॅल्यू बसतात.

यावरून एक छान हिशोब निघतो. युनिटरी बदलाने मॅट्रिक्समधल्या सगळ्या |aᵢⱼ|² ची बेरीज बदलत नाही. म्हणून आयगेनव्हॅल्यूंच्या |λ|² ची बेरीज त्या बेरजेहून कधीच जास्त नसते. जो फरक उरतो तो T मध्ये कर्णाच्या वर शिल्लक राहिलेल्या संख्यांचा.

यानंतर 1918 मध्ये ओटो टोएप्लिट्झने ज्या मॅट्रिक्ससाठी A A* = A* A त्यांना नॉर्मल म्हटलं आणि युनिटरी डायगोनल होण्याची हीच अचूक अट असल्याचं दाखवलं. शूरचा T हाताशी असला की सिद्धता दोन मिनिटांची. A नॉर्मल तर T ही नॉर्मल. आता T T* आणि T* T यांचा डावा वरचा कोपरा बघा. पहिल्यात T च्या पूर्ण पहिल्या ओळीच्या |t₁ⱼ|² ची बेरीज येते, दुसऱ्यात फक्त |t₁₁|². दोन्ही सारखे हवेत, म्हणजे पहिल्या ओळीत t₁₁ सोडून सगळे शून्य. मग हेच दुसऱ्या ओळीला, मग तिसऱ्या. शेवटी T डायगोनल. उलट बाजू तर सोपीच, कारण डायगोनल मॅट्रिक्स स्वतःच्या कॉन्जुगेट ट्रान्सपोजशी कम्यूट करते.

जुन्या कुटुंबांत न बसणारी एक मॅट्रिक्स तपासू:

B = [[1, 1, 0], [0, 1, 1], [1, 0, 1]]

ही ना हर्मिशियन, ना स्क्यू-हर्मिशियन, ना युनिटरी. पण B B* आणि B* B दोन्ही [[2, 1, 1], [1, 2, 1], [1, 1, 2]] येतात. म्हणजे नॉर्मल. आयगेनव्हॅल्यू 2, 1 + ω आणि 1 + ω², जिथे ω हे 1 चं कॉम्प्लेक्स घनमूळ. |λ|² ची बेरीज 4 + 1 + 1 = 6, आणि B मध्ये सहा एक आहेत, म्हणजे तीही 6. शूरचा हिशोब जुळला. S साठी मात्र एका बाजूला 0 आणि दुसऱ्या बाजूला 4.

परीक्षेत हमखास फसवणारी गोष्ट: नॉर्मल नाही म्हणजे डायगोनल होत नाही, असं नाही. C = [[1, 1], [0, 2]] घ्या. आयगेनव्हॅल्यू 1 आणि 2 वेगळ्या, म्हणून डायगोनल नक्की होते. पण आयगेनव्हेक्टर (1, 0) आणि (1, 1) यांच्यात 45 अंशांचा कोन आहे, 90 चा नाही. हिशोबही तेच सांगतो: 1 + 4 = 5, तर सगळ्या नोंदींच्या वर्गांची बेरीज 6. उरलेला 1 म्हणजे कर्णाच्या वरचा तो एकटा 1. 1962 मध्ये हेन्रिचीने याच फरकाच्या वर्गमुळाला मॅट्रिक्स नॉर्मलपणापासून किती दूर आहे याचं माप मानलं.

कॉम्प्युटरवर असं एखादं माप उपयोगी पडतं, कारण दशांशातल्या बारीक चुकांमुळे A A* − A* A नेमकं शून्य क्वचितच येतं. `==` वापरू नका. फरकाची नॉर्म काढा आणि ती A च्या नॉर्मच्या वर्गाशी ताडून बघा:

```python
H = A.conj().T
d = np.linalg.norm(A @ H - H @ A)
print(d / np.linalg.norm(A)**2)
```

उत्तर 10⁻¹⁵ च्या आसपास आलं तर निश्चिंत. S साठी हे उत्तर सुमारे 1.41 येतं. माझ्या जुन्या कोडमध्ये तिथे साफ शून्य छापलं जात होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता.