हा फोटो खरंच नागपूरच्या पुराचा आहे का?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागपुरात पूर आला. त्या पुराचा म्हणून एखादा फोटो आला, तर आधी तो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो या तारखेआधी कुठे दिसला, तर दावा तिथेच खोटा ठरतो.

नाही दिसला, तर गाड्यांच्या नंबर प्लेट पाहा. नागपूर शहरात बहुतेक एमएच 31 किंवा एमएच 49 दिसेल. पण गाड्या फिरतात, म्हणून न हलणाऱ्या खुणा शोधा: दुकानाची पाटी, मेट्रोचा खांब, अंबाझरीचा विवेकानंद पुतळा. गूगल मॅप्सवरच्या फोटोंशी त्या जुळवा.

जागा जुळली तरी फोटो दुसऱ्या पावसातला असू शकतो. त्यासाठी त्याच दिवसाच्या बातम्यांमधले त्या जागेचे फोटो पाहा.