चंद्र ही उन्हातली वस्तू आहे

बर्लिनच्या ट्रेप्टो बागेत आर्खेनहोल्ड वेधशाळेची १८९६ सालची दुर्बीण आजही उभी आहे. तिच्या भिंगाचा व्यास ६८ सेंटिमीटर आणि नाभीय अंतर २१ मीटर. कुठलेही भिंग चंद्राची प्रतिमा केवढी पाडेल हे काढायचे असेल तर त्याच्या नाभीय अंतराला ११०ने भागावे. या दुर्बिणीच्या नाभीपाशी चंद्र जवळजवळ १९ सेंटिमीटरचा पडतो. आता हाच हिशेब आपल्या फोनला लावू. मुख्य कॅमेऱ्याच्या भिंगाचे खरे नाभीय अंतर साधारण सात मिलिमीटर असते, म्हणजे सेन्सरवरचा चंद्र ०.०६ मिलिमीटरचा. डोक्याच्या केसाची जाडी साधारण तेवढीच असते.

कोजागिरीला जर्मनीतल्या बाल्कनीतून मसाला दुधाबरोबर काढलेला चंद्र घरच्या ग्रुपवर पांढरा ठिपका होऊन पोहोचतो, त्यामागे एक कारण हे आहे. दुसरे कारण वेगळे आहे, आणि या विषयात नव्याने येणाऱ्याने ही दोन्ही कारणे पहिल्यापासून वेगळी धरावीत. चंद्राचा ‘ठिपका’ होतो तो भिंगामुळे. तो ‘पांढरा’ होतो तो प्रकाशाच्या चुकलेल्या मापामुळे. दुसरा दोष आजच, फुकटात सुधारतो. पहिल्यासाठी खटपट करावी लागते.

आधी प्रकाशाचे बघू. चंद्राची जमीन तशी काळपट आहे. पडलेल्या प्रकाशातला जेमतेम १२ टक्के ती परत पाठवते. पण तिच्यावर लख्ख ऊन पडलेले असते, आणि मधे काळोखाचे आभाळ आहे म्हणून ते ऊन कमी होत नाही. फिल्मच्या काळातले छायाचित्रकार पौर्णिमेच्या चंद्रासाठी एक ठोकताळा वापरत: आयएसओ १००, छिद्र एफ/११, शटर १/१०० सेकंद. फोनचे छिद्र बरेच मोठे, एफ/१.८च्या आसपास असते, त्यामुळे शटर १/३७०० सेकंदापर्यंत खाली आणावे लागते. फोन मात्र चौकटीभर पसरलेला काळोख बघतो, सरासरी काढतो आणि समजा १/१५ सेकंद व आयएसओ १६०० ठरवतो. म्हणजे चंद्राला हवा त्याच्या चार हजार पट प्रकाश. तिथले सगळे पिक्सेल काठोकाठ भरतात आणि डाग, दऱ्या, कडा सगळे एकाच पांढऱ्यात बुडते. एकदा बुडालेला तपशील नंतर एडिटिंगमध्ये कितीही काळोख केला तरी परत येत नाही. फक्त पांढरा ठिपका करडा होतो.

म्हणून नाइट मोड बंद करावा, चंद्रावर बोट दाबून धरावे (आयफोनवर `AE/AF Lock` अशी अक्षरे येतात) आणि शेजारची सूर्याची खूण खाली ओढावी. आभाळ पूर्ण काळे होऊन चंद्रावरचे करडे डाग दिसू लागले की माप जमले. फोनमध्ये प्रो मोड असेल तर वरचे आकडे थेट घालता येतात. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या मानाने बराच मंद असतो, त्याला तीन-चार पट वेळ द्यावा. आणि मला विचाराल तर फोटो अर्ध्या चंद्राचाच काढावा. पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात. विल्हेल्म बेअर आणि योहान मेडलर यांनी बर्लिनमध्येच, अवघ्या साडेनऊ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, चंद्राचा जो नकाशा १८३४ ते १८३६ या काळात प्रसिद्ध केला, त्यासाठी आठशेहून अधिक डोंगरांची उंची त्यांनी सावल्यांच्या लांबीवरूनच मोजली होती.

आता आकाराचे. बारा मेगापिक्सेलच्या साध्या फोटोत चंद्राच्या वाट्याला तीसेक पिक्सेलची रुंदी येते. बोटांनी झूम केले तर तेच तीस पिक्सेल ताणले जातात, नवे काही मिळत नाही. पाच पट टेलिफोटो भिंग असेल तर रुंदी दीडशेच्या जवळ जाते. दहा पटीच्या साध्या द्विनेत्रीला फोन टेकवला, तोही ट्रायपॉडवर, तर तीनशेच्या जवळ. काही फोन चंद्र ओळखून त्यावर स्वतःच तपशील चढवतात. त्याची परीक्षा सोपी आहे: चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून त्याचा फोटो काढावा. विवरे उमटली, तर ती चंद्राची नव्हेत.

चंद्र मोठा दिसायचा असेल तर त्याच्याशेजारी काय आहे हे ठरवणे कधी कधी जास्त फलदायी ठरते. बर्लिनच्या टीव्ही टॉवरचा गोल ३२ मीटर व्यासाचा आहे. ११०चाच नियम उलटा लावा: ३२ गुणिले ११०, म्हणजे साडेतीन किलोमीटरवरून हा गोल आणि चंद्र एकाच मापाचे दिसतात. टॉवरच्या पायथ्याशी उभे राहिलात तर गोल अवाढव्य आणि चंद्र कण. कोजागिरीचा चंद्र बर्लिनला बहुधा पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो, तेव्हा टॉवरच्या पश्चिमेला साडेतीन किलोमीटर, म्हणजे टियरगार्टनमध्ये जावे. गोल क्षितिजापासून जेमतेम साडेतीन अंश वर दिसेल, म्हणून झाडांआड जात नाही अशी जागा दिवसा शोधून ठेवावी आणि नेमकी दिशा स्टेलॅरियमसारख्या अ‍ॅपवर तपासावी. चंद्र आपल्या रुंदीएवढे अंतर दोन मिनिटांत सरकतो, त्यामुळे वेळ चुकली की संपलेच. टेलिफोटोशिवाय मात्र इथेही निभाव लागत नाही: मुख्य भिंगाला गोल आणि चंद्र दोन्ही तीस-तीस पिक्सेलचेच मिळतील. या वेळेचा आणखी एक फायदा असा की पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, क्षितिजाजवळच्या दाट हवेतून तांबूस आणि मंद दिसतो, आभाळात अजून उजेड असतो, आणि एकाच मापात दोन्ही बसतात.

जूनमध्ये हा खटाटोप वेगळाच होतो. जर्मनीत उन्हाळ्यातली पौर्णिमा फार खाली राहते. काही वर्षी बर्लिनला ती क्षितिजापासून दहा अंशांवरही जात नाही, तर मुंबईत त्याच रात्री चंद्र चाळीस अंश वर असतो. डिसेंबरात चंद्र चांगला उंच जातो, पण मग खिडकीचा प्रश्न येतो. बंद काचेतून काढला तर तिहेरी काचांच्या परावर्तनामुळे चंद्राशेजारी फिकट जुळे उमटतात. उघड्या खिडकीतून काढला तर हीटरची गरम हवा बाहेर पडताना चंद्राची कड थरथरते. बाहेर पडणे हाच उपाय. बाहेरच्या फोटोतही एखादा हिरवट ठिपका दिसला, आणि तो चौकटीच्या मध्यापासून चंद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूला, तेवढ्याच अंतरावर असला, तर तो भिंगातला परावर्तित प्रकाश समजावा. गंमत म्हणजे तो मंद असल्याने कधी कधी खऱ्या चंद्राचा आकार पांढऱ्या गोळ्यापेक्षा त्याच ठिपक्यात नीट दिसतो.

ताऱ्यांना मात्र यातले काहीच लागू नाही. चंद्र आलेक्झांडरप्लाट्झच्या दिव्यांतूनही तितकाच चांगला येतो. आकाशगंगेसाठी बर्लिनच्या पश्चिमेला वेस्टहाफेललांडच्या तारांगण उद्यानात, गुल्पे गावाकडे जावे लागते. २०१४ साली मान्यता मिळालेला हा काळोखाचा प्रदेश आहे. तिथे नाइट मोड चालू, फोन ट्रायपॉडवर, टायमर लावलेला, आणि एकेक फोटो वीस सेकंदांच्या आतला. त्याहून लांबला की तारे रेघा होतात. अमावास्या गाठावी, पण मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत नको, कारण त्या दिवसांत इथे मध्यरात्रीसुद्धा संधिप्रकाश पुरता मावळत नाही. पुढच्या प्रकरणांत आधी चंद्र आहे आणि मग तारे. तो क्रम मुद्दाम ठेवला आहे: चंद्र घराच्या अंगणातून जमतो, ताऱ्यांसाठी आगगाडीचे तिकीट काढावे लागते.