गरम पाण्याच्या लांब नळवाहिनीचे औष्णिक प्रसरण

गरम पाण्याच्या नळवाहिनीचे औष्णिक प्रसरण म्हणजे गरम पाणी वाहू लागल्यावर वाहिनीच्या लांबीत होणारी वाढ होय. वाहिनी थंड झाली की तेवढीच घट होते. आखूड नळात हा बदल जाणवत नाही. मात्र वसतिगृह, रुग्णालय किंवा कारखान्याचे उपाहारगृह अशा ठिकाणच्या लांब, सरळ वाहिनीत तो काही सेंटिमीटरपर्यंत जातो. हा बदल रोखण्यापेक्षा त्याला जागा देणे श्रेयस्कर असते. त्यासाठी वाहिनीत लूप किंवा ऑफसेट ठेवतात आणि वाहिनी कोठे जखडायची व कोठे सरकू द्यायची हे क्लिपांच्या साहाय्याने ठरवतात.

## लांबीतील वाढ

लांबीतील वाढ पुढील सूत्राने काढतात :

ΔL = α × L × ΔT

येथे α हा पदार्थाचा रेषीय प्रसरणांक, L ही वाहिनीची लांबी आणि ΔT हा तापमानातील फरक आहे. नळाचा व्यास या सूत्रात येत नाही. म्हणजे एकाच पदार्थाचे बारीक व जाड नळ सारखेच लांबतात.

उदाहरणादाखल, पैठण तालुक्यातील चितेगाव येथे एका इमारतीच्या गच्चीवर सौर जलतापकापासून ३० मीटर लांबीची सरळ वाहिनी टाकली आहे असे समजू. जोडणीच्या वेळी नळाचे तापमान २५° से. होते आणि त्यातून ६५° से. तापमानाचे पाणी वाहते. तापमानातील फरक ४० अंश झाला. या वाहिनीची लांबी पदार्थानुसार अशी वाढेल :

| नळाचा पदार्थ | प्रसरणांक (प्रति अंश से.) | ३० मीटरमधील वाढ |
|---|---|---|
| पोलाद (जीआय) | ०.००००१२ | सुमारे १४ मिमी |
| तांबे | ०.००००१७ | सुमारे २० मिमी |
| सीपीव्हीसी | ०.००००६२ | सुमारे ७४ मिमी |
| पीपीआर | ०.०००१५ | सुमारे १८० मिमी |

वाढ जोडणीच्या वेळच्या तापमानापासून मोजली जाते. मराठवाड्यात हिवाळ्याच्या पहाटे गच्चीवरील रिकामी वाहिनी १२° से.पर्यंत थंड झाली, तर वरील सीपीव्हीसी वाहिनी मूळ लांबीपेक्षा सुमारे २४ मिमी आखडेल. हीच जोडणी मे महिन्यातील दुपारी, ४०° से. तापमानाला केली असती, तर वाढ ४७ मिमीच्या आसपास राहिली असती, पण आकुंचन ५० मिमीच्या पुढे गेले असते. म्हणून वाहिनीला दोन्ही दिशांना हालचाल करता आली पाहिजे.

## वाहिनी दोन्ही टोकांना जखडल्यास

दोन्ही टोके घट्ट धरली तर नळ लांबू शकत नाही आणि त्यात दाब-ताण निर्माण होतो. हा ताण लांबीवर अवलंबून नसतो. ३ मीटरच्या व ३० मीटरच्या नळात तो सारखाच असतो. २५ मिमी मापाच्या मध्यम प्रतीच्या जीआय नळात ४० अंशांच्या फरकाने टोकाला सुमारे ३ टन वजनाइतका रेटा येऊ शकतो. भिंतीतील साधे खुंटे तो सहन करू शकत नाहीत.

त्याच मापाच्या सीपीव्हीसी नळाचा रेटा सुमारे ११५ किलोग्रॅम वजनाइतका असतो. नळ लवचीक असल्यामुळे तो बहुधा आधार उखडत नाही, तर दोन क्लिपांच्या मधे धनुष्यासारखा वाकतो. थोडक्यात, पोलाद कमी लांबते पण जोराने ढकलते. प्लॅस्टिक फार लांबते पण त्याचा जोर कमी असतो. पोलादाच्या बाबतीत मुख्य चिंता आधारांची, तर प्लॅस्टिकच्या बाबतीत वाकलेल्या नळाची व सांध्यांची असते.

## लूप आणि ऑफसेट

लूप म्हणजे सरळ वाहिनीत चार एल्बो वापरून काढलेला चौकोनी वळसा. वाहिनी लांबली की लूपच्या दोन बाजू किंचित वाकून एकमेकींजवळ येतात. वाढ नाहीशी होत नाही. ती लूपच्या वाकण्यात सामावली जाते. बाजू जितक्या लांब, तितका वाकण्याचा ताण कमी. सीपीव्हीसीसाठी लूपची एकूण लांबी पुढील सूत्राने काढतात :

l = √(3 × E × D × ΔL ÷ S)

येथे D हा नळाचा बाहेरचा व्यास, E हा चालू तापमानाला असलेला प्रत्यास्थता गुणांक आणि S हा त्याच तापमानाला चालणारा ताण आहे. ६५° से.च्या आसपास E ÷ S हे गुणोत्तर सुमारे ३५० धरता येते. १ इंची सीपीव्हीसी नळाचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी आणि वाढ ७४ मिमी असल्यास l सुमारे १.५ मीटर येतो. त्याचे पाच भाग करून दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन भाग, म्हणजे ६० सेंमी, आणि माथ्याला एक भाग, म्हणजे ३० सेंमी देतात.

लांबी वर्गमुळात येत असल्यामुळे वाढ निम्मी केली तरी लूप निम्मा होत नाही. १५ मीटरला एक याप्रमाणे दोन लूप घेतल्यास प्रत्येकाची लांबी सुमारे १.०६ मीटर भरते. एकूण नळ व एल्बो जास्त लागतात, पण बाजू ४२ सेंमीच्या होतात आणि अरुंद जागेत बसतात.

ऑफसेट म्हणजे वाहिनी बाजूला सरकवून पुन्हा मूळ दिशेने नेणारे दोन एल्बोंचे आडवळण. इमारतीच्या रचनेमुळे वाहिनी वळतच असेल, तर वेगळा लूप न काढता त्या वळणाचा उपयोग करता येतो. मात्र वळणानंतरचा आडवा भाग पुरेशा लांबीपर्यंत मोकळा असावा लागतो.

लूप शक्यतो आडवा ठेवतात. वर उचललेल्या लूपच्या माथ्यावर हवा अडकते, तर खाली लोंबणाऱ्या लूपमध्ये गाळ साचतो. पंपाशिवाय, केवळ पाण्याच्या घनतेतील फरकाने चालणाऱ्या सौर जलतापकाच्या अभिसरण नळांत अडकलेली हवा प्रवाहच थांबवू शकते.

## क्लिपांचे कार्य

क्लिपा दोन प्रकारची कामे करतात. स्थिर क्लिप नळाला घट्ट धरते आणि तेथून हालचाल कोणत्या दिशेला होईल हे ठरवते. सरकती क्लिप नळाचे वजन पेलते, त्याला बाजूला जाऊ देत नाही, पण लांबीच्या दिशेने सरकू देते. वरील वाहिनीत दोन्ही टोकांना स्थिर क्लिपा, मध्यावर लूप आणि उरलेल्या भागात सुमारे ०.९ मीटर अंतरावर सरकत्या क्लिपा अशी रचना योग्य ठरते. त्यामुळे प्रत्येक अर्ध्या भागाची ३७ मिमी वाढ लूपकडे जाते.

सर्वच क्लिपा आवळल्या तर लूप असूनही नसल्यासारखा होतो. लूपच्या बाजूंवर क्लिप बसवली तरी तोच परिणाम होतो, कारण वाकणारी लांबी तेवढी घटते. फाट्याच्या टी-जोडाजवळ वाहिनी सरकत असेल, तर आखूड फाटा भिंतीत जखडलेला नसावा. नाहीतर टीच्या सांध्यावर वारंवार ताण येतो. नळ भिंतीतून जातो तेथे मोठ्या व्यासाच्या नळाचा तुकडा बसवून मधली जागा मोकळी ठेवतात.

## दोषांची लक्षणे

गरम पाणी सुरू केल्यावर काही मिनिटे टकटक आवाज येत असेल, तर नळ एखाद्या घट्ट क्लिपमधून झटक्याने सरकत असतो. दोन क्लिपांमध्ये नळ नागमोडी दिसणे म्हणजे वाढीला वाट मिळालेली नाही. केवळ वाहिनी थंड असताना एल्बोतून होणारी गळती बहुधा आकुंचनाच्या ओढीमुळे होते. याउलट, योग्य रीतीने बसवलेल्या सरकत्या क्लिपेशेजारी नळावर खूण केली, तर पाणी गरम झाल्यावर ती खूण लूपच्या दिशेने सरकलेली दिसते. वरील वाहिनीत लूपलगतच्या क्लिपेपाशी हे अंतर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असले पाहिजे.