वाऱ्याच्या वेगाचे ताशी किलोमीटरमधून नॉटमध्ये रूपांतर

वाऱ्याच्या वेगाचे ताशी किलोमीटरमधून नॉटमध्ये रूपांतर ही शिडाच्या नौकांसाठी सागरी हवामानाचा अंदाज वाचताना करावी लागणारी एक मूलभूत आकडेमोड आहे. नॉट हे वेगाचे एकक असून ते ताशी एक सागरी मैल एवढे असते. एक आंतरराष्ट्रीय सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. म्हणून एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर आणि ताशी एक किलोमीटर म्हणजे सुमारे ०.५४ नॉट होय. भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठीचे इशारे ताशी किलोमीटरमध्ये देतो, तर जहाजांसाठीच्या सागरी पत्रकांत वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असतो. नौकेवरील वेगमापक व वारामापक ही उपकरणेही सामान्यतः नॉट दाखवतात. त्यामुळे किनाऱ्यावर मिळालेला अंदाज नौकेवर उपयोगात आणण्यापूर्वी त्याचे रूपांतर करावे लागते.

नॉट आणि सागरी मैल

नॉट या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ गाठ असा आहे. शिडांच्या जहाजांच्या काळात लाकडाची एक फळी दोरीला बांधून जहाजामागे पाण्यात सोडली जाई. दोरीवर ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिते होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटत, तितका जहाजाचा वेग मानला जाई. गाठींमधील अंतर ४७ फूट ३ इंच आणि घड्याळ २८ सेकंदांचे, हे त्यातील एक प्रचलित प्रमाण होते. त्यानुसार एका गाठीचा वेग ताशी ६,०७५ फूट येतो आणि तो आजच्या नॉटच्या अगदी जवळ आहे.

सागरी मैलाची कल्पना पृथ्वीच्या आकाराशी निगडित आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले असता त्यातील एका भागाचे, म्हणजे एका मिनिटाचे, पृष्ठभागावरील अंतर म्हणजे सागरी मैल. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे हे अंतर विषुववृत्ताजवळ सुमारे १,८४३ मीटर, तर ध्रुवांजवळ सुमारे १,८६२ मीटर भरते. देशोदेशींच्या मैलांत यामुळे थोडा फरक पडत असे. १९२९ मध्ये मोनॅको येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेत १,८५२ मीटर ही लांबी निश्चित करण्यात आली. सागरी नकाशाच्या कडेवरील अक्षांशांच्या खुणांवरून अंतर थेट मोजता येते, म्हणून दशमान पद्धती सर्वत्र रूढ झाल्यानंतरही समुद्रावर सागरी मैल आणि नॉट टिकून राहिले.

रूपांतराची रीत

नेमके उत्तर हवे असल्यास ताशी किलोमीटरमधील वेगाला १.८५२ ने भागावे:

नॉट = (कि.मी./तास) ÷ १.८५२

तोंडी हिशोबासाठी ०.५४ ने गुणणे पुरेसे आहे. त्याहून सोपी रीत म्हणजे आकड्याचे निम्मे करावे आणि त्या निम्म्याचा दहावा भाग त्यात मिळवावा. ताशी ४० किलोमीटरचे निम्मे २०, त्याचा दहावा भाग २, म्हणून उत्तर २२ नॉट येते. खरे उत्तर २१.६ आहे. या रीतीने येणारा आकडा खऱ्यापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी अधिक असतो. वारा किंचित जास्त धरला जात असल्याने ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

| कि.मी./तास | नॉट |
|---|---|
| २० | १०.८ |
| ३० | १६.२ |
| ४० | २१.६ |
| ५० | २७.० |
| ६० | ३२.४ |

पुष्कळदा केवळ निम्मे करून काम भागवले जाते. तसे केल्यास उत्तर सुमारे साडेसात टक्क्यांनी कमी येते. मंद वाऱ्यात हा फरक एका नॉटहून कमी असल्याने तो जाणवत नाही. जोरदार वाऱ्यात मात्र त्याचे महत्त्व वाढते, कारण शिडावर पडणारा वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग साडेसात टक्क्यांनी कमी धरला, तर जोर सुमारे चौदा टक्क्यांनी कमी धरला जातो.

मच्छीमारांच्या इशाऱ्याचे उदाहरण

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यासाठी दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांत एक ठरावीक वाक्यरचना आढळते: वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर राहील आणि झोतांचा वेग ताशी ६५ किलोमीटरपर्यंत जाईल. या वाक्यात तीन आकडे आहेत आणि तिन्हींचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे लागते.

४५ ÷ १.८५२ = २४.३ नॉट
५५ ÷ १.८५२ = २९.७ नॉट
६५ ÷ १.८५२ = ३५.१ नॉट

पहिले दोन आकडे सरासरी वाऱ्याचे आहेत, तर तिसरा झोताचा आहे. झोत म्हणजे काही सेकंदांपुरता उसळणारा वारा. बोफर्ट श्रेणीत २२ ते २७ नॉटचा सरासरी वारा सहाव्या क्रमांकात आणि २८ ते ३३ नॉटचा सातव्या क्रमांकात मोडतो. म्हणजे या अंदाजातील वारा सहाव्या क्रमांकापासून सातव्यापर्यंत जाणारा आहे आणि त्यातील झोत आठव्या क्रमांकाच्या, म्हणजे ३४ ते ४० नॉटच्या, पट्ट्यातील वेग गाठणारे आहेत. बोफर्ट क्रमांक सरासरी वाऱ्यावरून ठरतो, त्यामुळे केवळ झोतांच्या आधारे हा वारा आठव्या क्रमांकाचा म्हणता येत नाही. पण शीड, दोर आणि डोलकाठी यांना झोताचाच ताण सोसावा लागतो.

हेच आकडे केवळ निम्मे केले, तर २२.५, २७.५ आणि ३२.५ असे येतात. सातवा क्रमांक जवळजवळ नाहीसा होतो आणि झोतही ३४ नॉटच्या खाली राहिल्यासारखे वाटतात. मूळ अंदाज तोच असूनही कागदावर एक सौम्य दिवस उभा राहतो. छोट्या नौकांनी बंदर सोडू नये असा हा वारा, अनुभवी खलाशाने शीड आखडून निभावून न्यावा असा भासू लागतो.

पूर्णांक आणि सीमारेषा

वरील उदाहरणातील आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २५, ३० आणि ३५ नॉटचे ताशी किलोमीटर अनुक्रमे ४६.३, ५५.६ आणि ६४.८ होतात. सुटसुटीतपणासाठी पाचाच्या पटीत आणल्यास त्यांचेच ४५, ५५ आणि ६५ बनतात. त्यामुळे अशा अंदाजाचे रूपांतर करून २४.३ नॉट असा दशांशापर्यंतचा आकडा लिहिणे म्हणजे मूळ माहितीत नसलेली अचूकता तिच्यावर लादणे होय. भागाकार पूर्ण करून शेवटी जवळच्या पूर्ण नॉटपर्यंत, आणि शंका असल्यास वरच्या आकड्यापर्यंत, जावे. मधल्या पायरीवर आकडा गोळाबेरीज करून पुन्हा शेवटी तसेच केल्यास चूक दुप्पट होऊ शकते.

सीमारेषेवरील आकड्यांबाबत तक्त्यांत विसंगती दिसते. बोफर्ट श्रेणीचा आठवा क्रमांक ३४ नॉटपासून सुरू होतो आणि तक्त्यांत त्यासमोर ताशी ६२ किलोमीटर असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ३४ नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटर आणि ६२ किलोमीटर म्हणजे ३३.५ नॉट. याचे कारण असे की श्रेणीतील नॉट पूर्णांकात दिलेले असतात. ३३.५ पासून पुढचा वेग ३४ मध्ये गणला जात असल्याने दोन क्रमांकांमधील खरी सीमा ३३.५ नॉटवर येते आणि तिचे रूपांतर ६२ किलोमीटर होते. म्हणून तक्त्यातील जोड्यांवरून रूपांतराचे गुणक काढू नये. गुणक नेहमी १.८५२ हाच धरावा.

नौकेचा वेग आणि भासमान वारा

चालत्या नौकेवर जाणवणारा वारा हा खरा वारा नसतो. नौकेच्या स्वतःच्या गतीमुळे त्यात भर पडते किंवा घट होते. या जाणवणाऱ्या वाऱ्याला भासमान वारा म्हणतात आणि शिडावर त्याचाच परिणाम होतो. तो काढण्यासाठी वाऱ्याचा व नौकेचा वेग एकाच एककात असणे अनिवार्य आहे.

अंदाजात वारा ताशी ३० किलोमीटर आहे आणि नौका ५ नॉटने चालली आहे असे समजू. वारा प्रथम नॉटमध्ये आणावा. तो सुमारे १६ नॉट होतो. नौका वाऱ्याच्याच दिशेने जात असेल, तर भासमान वारा १६ − ५ = ११ नॉट राहतो. रूपांतर न करता ३० मधून ५ वजा केल्यास २५ असा आकडा येतो आणि त्याला कोणत्याही एककात अर्थ नसतो.

तीच नौका वळून खऱ्या वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून त्याच्याकडे चढू लागली आणि तिचा वेग ५ नॉटच राहिला, तर भासमान वारा जवळपास २० नॉट होतो. ११ वरून २० नॉट म्हणजे शिडावरील जोर तिपटीहून अधिक. वाऱ्यासोबत जाताना शांत वाटलेला समुद्र परतीच्या वाटेवर अंगावर आल्यासारखा वाटतो तो यामुळे. परतीच्या प्रवासाचा विचार करताना अंदाजातील वारा नॉटमध्ये लिहून ठेवलेला असल्यास हा बदल आधीच हिशोबात घेता येतो.

मर्यादा

रूपांतराने केवळ एकक बदलते. मोजणीची पद्धत बदलत नाही. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार सरासरी वारा दहा मीटर उंचीवरचा आणि दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो. चक्रीवादळांसाठी भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची, तर अमेरिकेतील संस्था एका मिनिटाची सरासरी वापरतात. सरासरीचा कालावधी जितका कमी, तितका कमाल वेग साधारणपणे अधिक येतो. त्यामुळे दोन संस्थांचे अंदाज नॉटमध्ये आणल्यावरही जुळले नाहीत, तर चूक भागाकारात असेलच असे नाही.

संकेतस्थळांवरील किंवा भ्रमणध्वनीवरील अंदाजात एककही तपासावे लागते. तेथे ताशी किलोमीटर व नॉट यांखेरीज सेकंदाला मीटर आणि ताशी मैल ही एककेही आढळतात. सेकंदाला एक मीटर म्हणजे जवळजवळ दोन नॉट (१.९४). ताशी मैलातील मैल जमिनीवरचा, म्हणजे १,६०९ मीटरचा असतो, सागरी मैल नव्हे. समोरचा आकडा कोणत्या एककात आहे हे बोफर्ट श्रेणीतील समुद्राच्या वर्णनावरून पडताळता येते. समुद्रावर सर्वत्र पांढऱ्या फेसाच्या मोठ्या लाटा उठत असताना पडद्यावर १२ हा आकडा दिसत असेल, तर तो नॉटमधील नसून सेकंदाला मीटरमधील असण्याची शक्यता अधिक. नॉटमध्ये तो २३ होतो.