भाग: नातीचा पासपोर्ट आणि आईबाबांची चिठ्ठी

मागच्या महिन्यात आमच्या भुशीतल्या घरी एक फाइल तयार करायची होती. काका-काकू, दोघंही सत्तरीच्या घरात, आठ वर्षांच्या नातीला घेऊन टोरंटोला निघाले होते. मुलगा-सून तिथे आधी गेले होते. नात शाळेचं वर्ष संपेपर्यंत आजी-आजोबांकडे लोणावळ्यात राहिली होती. घरातला कॉम्प्युटरवाला मीच, त्यामुळे कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. काकांचा प्रश्न सरळ होता: "तिचा पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, तिकीट आहे. मग आईबापाची चिठ्ठी कशाला?" आजच्या भागात याच प्रश्नाचा इतिहास बघू.

जुन्या काळात हा प्रश्न पडतच नव्हता. लहान मुलांना वेगळा पासपोर्ट नसायचा. आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टमध्ये मुलांसाठी जागा असायची, तिथे नाव आणि जन्मतारीख लिहिली की झालं. म्हणजे मूल कुणाबरोबर जाऊ शकतं, हे त्या पुस्तिकेतच ठरलेलं होतं. आई असेल तर मूल जाणार. आजीच्या पासपोर्टवर नातीचं नाव नाही, तर आजीबरोबर नात जाणारच नाही.

हे बदललं ते यंत्राने वाचायच्या पासपोर्टमुळे. खालच्या दोन ओळी यंत्र वाचतं, आणि त्या दोन ओळींत एकाच माणसाची माहिती मावते. म्हणून 'एक माणूस, एक पासपोर्ट' हा नियम आला. ब्रिटनने ५ ऑक्टोबर १९९८ पासून मुलांना वेगळे पासपोर्ट द्यायला सुरुवात केली, युरोपीय संघात २०१२ पासून ते सक्तीचं झालं, आपल्याकडेही प्रत्येक बाळाचा स्वतंत्र पासपोर्ट निघतो. त्यामुळे नात आजी-आजोबांबरोबर विमानात बसायला मोकळी झाली. पण एक माहिती मात्र गळाली. ही मुलगी कोण, हे पासपोर्ट सांगतो. ती या दोघांबरोबर का आहे, हे सांगत नाही. चिठ्ठी ती रिकामी जागा भरते.

दुसरा धागा भांडणांचा आहे. आईवडील वेगवेगळ्या देशांतले, संसार मोडला, आणि एकाने दुसऱ्याला न सांगता मूल उचलून नेलं. अशा प्रकरणांसाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेगमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. बेकायदा नेलेलं मूल लवकरात लवकर परत पाठवायचं, हा त्याचा गाभा. भारत या करारात नाही. कायदा आयोगाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये अहवाल दिले, तरीही नाही. पण मूल एकदा सीमेपार गेलं की परत आणणं किती अवघड, हे या सगळ्यातून जगभरच्या अधिकाऱ्यांना कळलं. त्यामुळे आईवडिलांशिवाय येणाऱ्या मुलाला थांबवून दोन प्रश्न विचारायची पद्धत पडली. काकांवर संशय नसतो. पळवून नेणाऱ्यांतही बऱ्याचदा घरचीच माणसं असतात, म्हणून आजोबा असणं हे पुरेसं उत्तर ठरत नाही.

आता 'विचारू शकतात' आणि 'लागतंच' यातला फरक. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून मुलांचा सविस्तर जन्मदाखला आणि संमतीपत्र सक्तीचं केलं होतं. पर्यटन व्यवसायाने आरडाओरडा केला आणि पुढे नियम सैल झाले. अमेरिका चिठ्ठी जवळ ठेवा अशी शिफारस करते. कॅनडा स्पष्ट सांगतो: पालक नसलेल्या माणसाबरोबर मूल येत असेल तर पालकांचं लेखी परवानगीपत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला आणा. पहिला प्रश्न बहुतेक वेळा विमान कंपनीच्या काउंटरवर येतो. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायचा भार सहसा कंपनीवर पडतो, म्हणून ते आधीच चाळणी लावतात.

आमच्या फाइलकडे येऊ. चिठ्ठी इंग्रजीत, एका पानाची. त्यात नातीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. काका-काकूंची नावं, पासपोर्ट क्रमांक आणि 'वडिलांचे आईवडील' हे नातं. जायची तारीख, टोरंटोचा पत्ता. आणि आईवडिलांचे फोन. सही दोघांची. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडिलांचं नाव आधी आणि आईचं 'त्यांच्यानंतर' आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात 'नंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे, असा अर्थ लावला. सीमेवरचा अधिकारी या वादात शिरत नाही, तो दोन सह्या बघतो. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेश लावायचा.

मुलगा-सून टोरंटोत होते, म्हणून सह्या तिथल्याच नोटरीसमोर झाल्या. कॅनडात दाखवायच्या कागदावर कॅनडाच्याच नोटरीचा शिक्का, त्यामुळे वडगावला किंवा पुण्याला खेटे घालायची गरज उरली नाही. मूळ प्रत कुरिअरने आली.

पण चिठ्ठी खरी कशावरून? इथे आपल्या पासपोर्टचं शेवटचं पान कामाला येतं. नातीच्या शेवटच्या पानावर तिच्या आईवडिलांची नावं. तिच्या वडिलांच्या शेवटच्या पानावर त्यांच्या आईवडिलांची, म्हणजे काका-काकूंची. मधला पासपोर्ट जोडला की साखळी पूर्ण होते. म्हणून मुलाच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाबरोबर शेवटच्या पानाचीही प्रत घेतली. गंमत म्हणजे हे पान जाणारच होतं: जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते न छापण्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी निर्णय मागे घेतला. तेव्हा तुमच्या घरातले पासपोर्ट उघडून बघा. नावं छापलेली असतील तर साखळी तयार आहे. अमेरिकन पासपोर्टवर आईवडिलांची नावं नसतात. तिकडे जन्मलेल्या नातवंडांसाठी जन्मदाखलाच लागतो.

साखळी तुटते ती आपल्या लग्नाच्या रितीमुळे. काकूंचं नाव लग्नात बदललं. त्यांच्या पासपोर्टवर सासरचं नाव, आणि मुलाच्या शेवटच्या पानावर शाळेच्या दाखल्यातून आलेलं माहेरचं. अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. उपाय म्हणून काकूंचा विवाह नोंदणी दाखला फाइलमध्ये घातला. हे घरी बसून तपासता येतं: तिन्ही पासपोर्ट शेजारी ठेवा आणि प्रत्येक नाव अक्षर अन् अक्षर जुळवा.

शेवटचं, फोनचं. अधिकाऱ्याला शंका आली तर तो आईला फोन लावू शकतो. मुंबईत रात्रीचा एक वाजतो तेव्हा टोरंटोत उन्हाळ्यात आदल्या दिवसाचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे सूनबाई ऑफिसात, फोन सायलेंटवर. तिला त्या तासाभरासाठी आवाज चालू ठेवायला सांगितलं. फाइल मोठ्या बॅगेत नाही, काकूंच्या पर्समध्ये. कारण मोठी बॅग पट्ट्यावर जाते, आणि प्रश्न त्यानंतरही विचारला जातो.

आणि हो, अधिकारी कधीकधी थेट मुलालाच विचारतो, "हे कोण?" नातीला पाठ करून काही पाठवलं नाही. "आजोबा," एवढंच ती म्हणणार होती, आणि तेच बरोबर होतं.

भेटू पुढच्या भागात.